बंडोपंत, पाणी आण

९ जानेवारी

ती. मावशी,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पाठीला उशी लाव आणि वाच. माझं लग्न ठरलं.

मुलगा आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला आला होता. नंबर मीच काढला. डाव्या डोळ्याचा जास्त आहे. "हे दिसतं का, ते दिसतं का" असं विचारता विचारता आमचं जमलं, आणि फ्रेम पसंत करायला तो नंतर उगाचच चार वेळा आला. घरी त्याला पिंटू म्हणतात. हसू नकोस. त्याच्या वडिलांचं फर्निचरचं तीन मजली शोरूम आहे. त्यांना घरीदारी अप्पा म्हणतात. सगळ्यांना हे स्थळ पसंत आहे, बाबा तर फारच खूश आहेत. पिंटू घरी आला की स्वतः खुर्ची पुसून देतात आणि "या पिंटूराव, बसा पिंटूराव" करतात. मला मेलीला लाजल्यासारखं होतं. बाबांच्या निम्म्या वयाचा पोरगा, त्याला कसलं राव?

आता कामाचं. पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडून आला आहे. त्यात पिंटूच्या वडिलांचं नाव "श्री. अप्पारावजीसाहेब" असं आहे आणि आपल्या बाबांचं नुसतं "बंडू". मी म्हटलं, आमच्याही नावापुढे काहीतरी हवं. तर छापखान्यातली मुलगी विचारते, राव लावू, पंत लावू की जी लावू? मला सांगता येईना. आई म्हणते, काहीही लाव, पण कटकट करू नकोस. दवाखान्याच्या खिडकीवर बसून तू जन्मभर लोकांची नावं पुकारलीस, तेव्हा तूच सांग.

लवकर लिही. छपाई थांबली आहे.

तुझी ठमी

*

१५ जानेवारी

चि. ठमे,

लग्न ठरलं, आनंद झाला. नंबर काढताना जावई काढलास, तेव्हा शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं. पण ते "अप्पारावजीसाहेब" वाचून मला इतका ठसका लागला की शेजारीण धावत आली. एका माणसाच्या नावाला इतकी शेपटं? राव झालं, जी झालं, साहेब झालं. पंत तेवढं राहिलं, ते बहुतेक जागा पुरली नाही म्हणून.

आता नीट वाच, कारण हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

राव म्हणजे राजा. पूर्वी ज्याच्या हाती सत्ता त्याला लागायचं, मग हळूहळू सगळ्यांतच उतरलं. ते माणसाच्या नावाला लागतं, आडनावाला नाही आणि नात्यालाही नाही. काकाराव, मामाराव असं कोणी हाक मारताना ऐकलंस का? आणि राव वयावर नसतं, नात्यावर असतं. जावई वीस वर्षांचा असला तरी सासुरवाडीला राव. म्हणून तुझे बाबा पिंटूला पिंटूराव म्हणतात ते बरोबर आहे, तू लाजू नकोस. सासरा वयाने मोठा असूनही धाकट्याला मान देतो, यात कमीपणा नाही, रीत आहे. कमीपणा कधी येतो ते पुढे सांगते.

पंत म्हणजे पंडिताचं झिजलेलं रूप. लेखणी चालवणाऱ्यांना लागायचं, कारकून, मास्तर, कचेरीतले, बहुतेक ब्राह्मण. आता लेखण्या गेल्या आणि नव्याने कोणाला पंत लागतही नाही, फक्त काही नावांना सवयीने चिकटून राहिलं आहे. बंडूचं बंडोपंत होतं, चिंतूचं चिंतोपंत. घरगुती नावातल्या उ चा ओ होतो, म्हणून "बंडूपंत" लिहिलंस तर कान उपटीन. मी तुझ्या बाबांना तुझ्या आईच्या लग्नापासून बंडोपंतच म्हणते. धाकट्या बहिणीचा नवरा, त्याला बंडू कोण म्हणेल? हातात लेखणीऐवजी लिफ्ट दुरुस्तीचा पाना असला म्हणून काय झालं.

जीचं प्रकरण वेगळं. काही नावांत तो जन्मापासूनच असतो. धनाजी हे अख्खं नावच आहे, तिथे जी म्हणजे मान नव्हे, आणि धनाजीच्या पाठीत धपाटा घालून "अरे धनाजी" म्हणता येतं. दुसरा जी नात्यात मुरलेला: गुरुजी, भावोजी, आणि सासऱ्यांना मामंजी. तिसरा हल्लीचा, शेजारच्या भाषेतून आलेला सुटा जी. तो माइकसमोर उभं राहिलेल्याच्या तोंडी शोभतो. घरात कोणी "बंडूजी" म्हणालं तर माणूस मागे वळून बघतो की कोण आलं.

सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं दुसऱ्याच्या तोंडून यायचं असतं. मुलगा सही करताना मधे बापाच्या नावाला राव लावतो, ते चांगलं दिसतं. पण स्वतःच्या नावाला स्वतःच्या हाताने राव, वर जी, वर साहेब लावणारा माणूस मी खिडकीवर खूप पाहिला. नंबर आला की तोच सगळ्यात जास्त ओरडायचा. आपण पुकारताना नुसतं नाव घेतलं की त्याला ऐकूच येत नसे.

तेव्हा पत्रिकेत "श्री. बंडोपंत" लिही. श्री पुढे, पंत मागे, एवढं पुरे. त्यांच्या बाजूलाही नुसतं अप्पाराव शोभलं असतं, पण शोरूमवाल्यांना तेवढ्याने थंडी वाजेल. घालू दे त्यांना शाल.

आणि ठमे, तू लिहिलंस की बाबा पिंटूला काय म्हणतात. अप्पा बाबांना काय म्हणतात ते मात्र लिहिलं नाहीस. विसरलीस की गाळलंस?

आणखी एक. "ती." म्हणजे तीर्थरूप, ते आईबापांना. मावशीला तीर्थस्वरूप, "ती. स्व." असं लिहावं. तुला राव, पंत शिकायचं आहे, आणि मायन्यातच घसरलीस.

मावशी

*

२४ जानेवारी

ती. स्व. मावशी,

गाळलं होतं.

अप्पांच्या शोरूममध्ये माल चढवायची लिफ्ट आहे. ती पूर्वीपासून बाबाच बघतात. लग्न ठरायच्या आधीपासून. म्हणजे मी आणि पिंटू भेटलो तेव्हा मला माहीतही नव्हतं की हे तेच शोरूम. बाबा खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावत असायचे आणि अप्पा वरून ओरडायचे, "बंड्या, झालं का रे?" हे मला बाबांनीच सांगितलं, हसत हसत. त्यांना वाटलं, मजाच आहे, लिफ्टवाल्याची मुलगी शोरूमच्या घरात जाते आहे.

लग्न ठरल्यावर अप्पांनी बंड्याचं बंडू केलं. तेवढीच बढती. आमच्याकडे आले तरी "बंडू, बस ना रे, उभा का?" असं म्हणतात. स्वतःच्याच घरात माणसाला बस म्हणतात. आणि बाबा बसतात. मग बाबा म्हणतात, "अप्पाराव, तुम्ही चहा घेणार ना?" आणि अप्पा म्हणतात, "आण की." व्याही ना दोघे? मग एकाला राव आणि दुसऱ्याला नुसतं बंडू हे कसलं?

पण पिंटू चांगला आहे, मावशी. त्याला मी हे सगळं बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "अगं, आमच्या बाबांची जुनी सवय आहे, माझ्या लक्षातच आलं नाही." मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. खूप हसला, पण म्हणाला, "बरोबर आहे मावशींचं. मी बाबांशी बोलतो. आजपासून बंडोपंत." पत्रिकेतही बदल करायला त्याने छापखान्यात स्वतः फोन केला. मला तर बरंच वाटलं. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे दोन्ही घरच्यांचं जेवण आहे, तेव्हा बघ, सगळं सुरळीत होईल.

आई म्हणते, मुलगी दिली की मान विसरायचा. मला हे पटत नाही. तुला पटतं का?

ठमी

*

३० जानेवारी

चि. ठमे,

नाही पटत. तुझी आई लहानपणापासून अशीच. भांडण टाळायचं म्हणून तिने एकदा आपला पाय दुसऱ्याच्या चपलेत घातला होता आणि दिवसभर तसंच लंगडत राहिली.

पण मला तुझी काळजी वाटते आहे ती वेगळ्या कारणाने. तुझ्या पिंटूने अर्धंच ऐकलं. तू त्याला शेपूट मागितलंस, आणि शेपूट फुकट मिळतं. गाय मागायची होती.

आपल्या भाषेत मान शेपटात नसतो, तो बाकीच्या वाक्यात असतो. बंडोपंत म्हटलं की पुढे "आले" यायला हवं, "आला" नाही. "बंडोपंतांना सांगा", "पंताला सांग" नव्हे. हाक मारताना "अहो". बोलताना "बसा, घ्या, या". हे एकत्र आलं की पंत हा मान. हे नसेल आणि नुसतं पंत असेल, तर ती टिंगल. टवाळ पोरं एकमेकांना "काय राव, दे ना" म्हणतात ना, तिथे राव म्हणजे राजा थोडाच असतो. उलट नावाला काही न लावता कोणी "अहो बंडू, आत या" म्हणालं, तरी चालेल. ऐकायला जरा ओबडधोबड लागेल, पण मान पुरा. तुझी आई तर जन्मात त्यांचं नावच घेत नाही. तिचं नुसतं "अहो" असतं, आणि त्यात काही उणं नाही.

म्हणून पिंटूला सांग, की बंडोपंतांना पंत म्हणायला अप्पांना सांगू नकोस, त्यांच्याशी अहो-जाहो करायला सांग. शेपूट नाही मिळालं तरी चालेल.

अप्पा म्हणजे ज्यांनी स्वतःला तीन शेपटं लावली ते, दुसऱ्याला एक लावताना हिशेब करणारच. तुम्ही मान मागितला असं त्यांना वाटणारच नाही. त्यांना वाटेल, लिफ्टवाल्याला पंत म्हणवून घ्यायची हौस आली. आणि पंत म्हणजे लेखणीवाला, हे त्यांना कुठून तरी कळलेलं असेलच. असल्या माणसांना दुसऱ्याला कमी लेखायला लागेल तेवढं ज्ञान नेहमी असतं.

हे पत्र त्याला वाचून दाखव. हसण्यासारखं नाही यात काही.

मावशी

*

१६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशी,

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. मला वाटलं, एवढं सगळं कशाला, पंतने काम भागेल. आणि तो नुकताच माझ्यासाठी त्याच्या वडिलांशी बोलला होता. त्याच्यापुढे आणखी एक मागणी घेऊन जायचं म्हणजे... मला भीती वाटली, खरं सांगते. तो हातचा जाईल असं वाटलं.

काल त्यांच्याकडे जेवण होतं. लांबलचक टेबल, शोरूममधलंच, किमतीची चिठ्ठी एका पायाला तशीच चिकटलेली. त्यांचे दोन-चार नातेवाईक, आम्ही तिघं. बाबांनी नवा शर्ट घातला होता. आईने सकाळी त्यांच्या नखांतलं ग्रीस काढून दिलं होतं.

अप्पा मधे उभे राहिले आणि म्हणाले, ऐका सगळ्यांनी, सूनबाईंचा हुकूम आहे, आजपासून आमच्या लिफ्टवाल्याला पंत म्हणायचं. नातेवाईकांतला एक जण म्हणाला, पानेवाला पंत. मग खूप हशा झाला. बाबाही हसले, कारण सगळे हसत होते. पाण्याचा जग भिंतीजवळच्या कपाटावर होता. अप्पा वळले आणि म्हणाले, "बंडोपंत, पाणी आण."

बाबा उठले. उठलेच, मावशी. कपाटाकडे गेले, जग उचलला. मी पिंटूकडे पाहिलं. तो हसत होता. फार नाही, जरासा, तोंड दाबून. पण हसत होता.

मी उठले, बाबांच्या हातातून जग घेतला, अप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "अप्पारावजीसाहेब, पाणी घे."

चमचे वाजायचे थांबले. मग अप्पांचा चेहरा लाल झाला आणि ते म्हणाले की ही काय बोलायची पद्धत आहे. मी म्हटलं, तीन शेपटं लावली आहेत, आणखी काय हवं? आई रडायला लागली. आम्ही न जेवताच निघालो.

जिन्यात पिंटू मागून आला. मला म्हणाला, "पंत म्हटलं ना त्यांनी? तू सांगितलंस, मी सांगितलं, त्यांनी म्हटलं. आता आणखी काय?" मी म्हटलं, आणा म्हणायला हवं होतं. तर म्हणतो, "आण आणि आणा. एका कान्यासाठी लग्न मोडायला निघालीस?"

मी काही मोडलं नाही. त्यालाही तसं सांगितलं. मला तो आवडतो, ते काही एका संध्याकाळीत पुसलं जात नाही. फक्त एवढंच सांगितलं, की घरी ये आणि बाबांशी बोल, तुझ्या वडिलांनी केलं ते चुकलं असं बाबांना म्हण. तो म्हणाला, येत्या रविवारी येतो.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. दोन वेळा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो प्यायले, पण बोलले नाहीत. आई म्हणते, बापाची लाज काढलीस. मी लाज काढली का ग? मला वाटलं, मी ती झाकते आहे.

ठमी

*

२१ फेब्रुवारी

चि. ठमे,

जग उचलून पुढ्यात ठेवलास तिथपर्यंत वाचलं, आणि उठून दोन येरझाऱ्या घातल्या. शाब्बास म्हणायची इच्छा आहे, पण म्हणत नाही, कारण तू सासऱ्याला अरे केलंस आणि त्याची किंमत बापाने भरली. त्यांच्या तोंडावर पडलेलं तू उचललंस खरं, पण सगळ्यांनी पाहिलं की उचलावं लागलं. म्हणून ते गप्प आहेत. तुझ्यावर रागावले आहेत असं नाही. बंडोपंतांना मी ओळखते. तो माणूस रागावला तर लिफ्ट दुरुस्त करतो.

अप्पाचं मला नवल नाही. स्वतःच्या हाताने स्वतःला साहेब करणाऱ्याला मान कधी खाली उतरताना दिसतच नाही, कारण तो फक्त वर चढवायच्या कामाचा, त्याच्या मालासारखा. काना दिला असता तर त्याला एक अक्षर जास्त बोलावं लागलं असतं, आणि तेवढंही त्याला परवडलं नाही. पंत मात्र दिलं, कारण त्यातून गंमत निघत होती. गंमत असली की लोकांना दानत येते.

पण ठमे, तू मला अप्पाबद्दल पानभर लिहिलंस आणि पिंटूबद्दल दोन ओळी. मी त्या दोन ओळी जास्त वेळा वाचल्या. तोंड दाबून हसला, म्हणजे हसायचं नाही हे त्याला कळत होतं. हे नीट वाच. ज्याला कळत नाही तो मोठ्याने हसतो.

रविवारी तो आला की तू बोलू नकोस. भांडी घासायला बस, हवं तर मोरी घास. त्याला आणि बंडोपंतांना बोलू दे. तो बाबांना काय म्हणतो ते ऐकू नकोस, क्रियापद ऐक. आणि "तुमचं" म्हणताना तो कोणाकडे बघतो ते बघ.

तुला तो आवडतो हे मला कळतं. मी काही दगडाची नाही. म्हणून तर लिहिते आहे.

मावशी

*

२७ फेब्रुवारी

ताईंना सा. न.

ठमीने तुम्हाला काय काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. ती आज लिहिणार नाही म्हणाली, म्हणून मी लिहितो. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, चुका दुरुस्त करू नका, नुसतं वाचा.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी ठमीला मी सांगितली नव्हती. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी शोरूमवर गेलो होतो. माफी मागायला. पोरगी तापट आहे, मनावर घेऊ नका, असं म्हणायला. मला वाटत होतं, ती त्या मुलात गुंतली आहे, माझ्या एका पाण्याच्या जगापायी तिचं मोडू नये. मला पाणी आण म्हटलं त्याचं काही वाटलं नाही, असंच मी स्वतःला सांगत होतो. इतकी वर्षं त्यांचं "बंड्या" ऐकलं, तेव्हा "पंत" लावून आण म्हटलं तर काय बिघडलं.

अप्पाराव खुर्चीत होते. मी उभाच. त्यांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, "बरं झालं आलास. आलाच आहेस तर लिफ्ट बघून जा, दुसऱ्या मजल्यावर अडकते." आणि ताई, मी बघितली. दरवाज्याचा रूळ सरकला होता, तो बसवला, तेल दिलं. हात पुसले आणि घरी आलो. ठमीने विचारलं, कुठे होतास? म्हटलं, काम होतं. खोटं नव्हतं ते.

रविवारी पिंटूराव आले. मी खुर्ची पुसून दिली, सवयीने. ठमी स्वयंपाकघरात होती, सारखा नळ चालू ठेवून. ती बाहेर आली नाही. तुम्ही काही लिहिलं असणार असा मला संशय आला.

ते बसले. मोकळेपणाने बोलत होते. माझ्या मनात होतं, हे आता काही म्हणतील, बाबांचं चुकलं म्हणतील, की मी लगेच म्हणेन, अहो जाऊ द्या पिंटूराव, घरचंच आहे. मी ते वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं.

ते म्हणाले, काका, आता काळजी करू नका, विषय मिटला. आमचे बाबा म्हणाले, बंडू येऊन माफी मागून गेला, वर लिफ्टही करून गेला, समजूतदार आहे बिचारा. आणि मग हसले. त्यांना मला बरं वाटावं असं वाटत होतं बहुतेक. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. तिला तेव्हा कळलं की मी तिथे गेलो होतो.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही. ती माझ्यासाठी तिथे भर टेबलावर उभी राहिली, आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन तेल देऊन आलो. लाज वाटली म्हणा की राग आला म्हणा, मला नीट सांगता येत नाही. मला आयुष्यात कधी कोणी पंत म्हटलं असेल तर तुम्हीच, ताई. त्यामुळे अप्पारावांनी पंत म्हणावं न म्हणावं, मला त्याचं मोठंसं काही नव्हतं. पण "बिचारा" ऐकलं आणि मला वाटलं, याच्यासमोर माझी पोरगी रोज असं ऐकत राहणार. आज माझ्याबद्दल, पुढे तिच्याबद्दल.

मी पिंटूरावांना म्हटलं, "पिंटू, तू ऊठ आता. घरी जा."

बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. "राव" काढलं आणि "तुम्ही" काढलं. दुसरं काही केलं नाही.

त्याचा चेहरा झर्रकन उतरला. तो उठून उभाच राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मला अरे-तुरे करताय?"

ठमी दारात आली होती. हात ओलेच होते. ती माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे कळतं तुला."

तो गेला. दार तिनेच लावलं.

लोकांना सांगायला काय सांगू तेवढं कळवा. त्यांच्याकडून तर सगळीकडे पसरलं आहे की आम्ही एका कान्यावरून लग्न मोडलं. पत्रिका अजून छापखान्यातच होत्या, तेवढं बरं. ठमी कालपासून माझ्याशी बोलते आहे, पण कमी. आज सकाळी चहा देताना म्हणाली, "बाबा, घ्या." आत्तापर्यंत ती मला "घे ना बाबा" म्हणायची, लहानपणापासून. मला ते नको आहे, ताई. बाप आहे मी तिचा, व्याही नाही. तिला तुम्ही लिहा, की माझ्याशी पूर्वीसारखं बोल म्हणावं.

आपला
बंडू